बांधकामाच्या अटींचे मराठी : कव्हर, स्लम्प आणि क्युरिंग

आपल्या संस्थेच्या वसतिगृहाच्या वाढीव इमारतीचे काम निघाले, तेव्हा कंत्राटाच्या कागदांबरोबर सलोह काँक्रीटच्या कामाचे विनिर्देशही आले. सतरा पाने, सर्व इंग्रजीत. कामावर रोज लक्ष ठेवण्याची जबाबदारी इमारत समितीने ज्या पाच जणांवर सोपविली त्यांत दोन पालक शेतकरी होते, एक निवृत्त टपाल कर्मचारी, एक गवंडीकाम केलेले ज्येष्ठ गृहस्थ आणि एक सळई बांधणारे फिटर. कामाची जाण या पाच जणांना माझ्याहून कितीतरी अधिक होती, फक्त कागद त्यांच्या भाषेत नव्हता. त्याचा मराठी तर्जुमा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी इतिहासाचा शिक्षक. जुन्या दस्तऐवजांतील शब्द तपासून घेण्याची सवय तेवढी माझ्यापाशी होती. अभियांत्रिकीची बाजू आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी, जो आता बांधकाम अभियंता आहे, त्याने सांभाळली. सतरा पानांतील तीन शब्दांनी आमचा सर्वाधिक वेळ घेतला. त्या शब्दांविषयी येथे लिहितो, कारण स्वतःचे घर बांधू पाहणाऱ्या प्रत्येक वाचकाची त्यांच्याशी गाठ पडणार आहे.

प्रथम दोन वाक्ये नावाविषयी. इंग्रजीतील ‘रीइन्फोर्स्ड काँक्रीट’ला मराठी पुस्तकांत ‘सलोह काँक्रीट’ आणि ‘प्रबलित काँक्रीट’ असे दोन शब्द आढळतात, आणि कामावर मात्र सर्वजण ‘आर.सी.सी.’ म्हणतात. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरीही हुकूम, दप्तर, जमीन हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. जो शब्द एकाच वस्तूचे नाव म्हणून सर्वांना कळतो तो बदलण्यात अर्थ नाही, असे आम्ही ठरविले. स्लॅब, कॉलम, बीम, सेंटरिंग, रिंग हे शब्द तसेच ठेवले. अडचण उभी राहिली ती जिथे शब्द सर्वांना कळल्यासारखा वाटतो, पण कागदाला अभिप्रेत असलेला अर्थ आणि कामावरचा अर्थ यांत अंतर असते, तिथे.

पहिला असा शब्द म्हणजे ‘कव्हर’. शब्दकोशात त्याला आवरण, आच्छादन, झाकण असे प्रतिशब्द मिळतात. काँक्रीटच्या आत पुरलेले लोखंड आणि काँक्रीटची बाहेरची बाजू यांच्यामध्ये काँक्रीटची जी जाडी राहते, ती म्हणजे कव्हर. हे आवरण लोखंडाला केवळ झाकीत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून जो पदार्थ बनतो तो तीव्र अल्कधर्मी असतो, आणि अशा परिसरात लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. तो असेतो गंज धरत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू मुरत जातो आणि पृष्ठभागापासून आतवर ही अल्कता कमी करीत नेतो. तो लोखंडापर्यंत पोचला आणि ओलावा मिळाला, की गंज सुरू होतो. समुद्राकाठी क्षारही हेच काम, बहुधा अधिक वेगाने, करतात. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट फुटते. जुन्या इमारतींच्या छतात सळईच्या रेषेतच गेलेली तपकिरी भेग आणि तिच्या बाजूने सुटलेले पोपडे आपण सर्वांनी पाहिलेले असतात. न्हाणीघराच्या छतात ते आधी दिसतात. तिथे बहुतेक वेळा कव्हर कमी पडलेले असते.

आता भाषेची अडचण पाहू. आमच्या विनिर्देशात कॉलमसाठी कव्हर ४० मिलिमीटर सांगितले होते, आणि ते भारतीय मानक आयएस ४५६ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीनुसार होते. ‘सळईवरील काँक्रीटचे आवरण ४० मिलिमीटर असावे’ हे भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि एका छापील मराठी पुस्तिकेत मी ते जवळपास याच शब्दांत वाचलेही होते. समितीतील फिटर गृहस्थांना आम्ही ते वाक्य वाचून दाखविले. त्यांनी लगेच विचारले, “सर, सळईवर म्हणता की रिंगेवर?”

प्रश्न नेमक्या जागी लागला. कामावरच्या मराठीत ‘सळई’ म्हणजे उभी मुख्य सळई, आणि तिच्याभोवती ठरावीक अंतरावर बांधलेली ती ‘रिंग’. रिंगही लोखंडाचीच असली तरी तिला कोणी सळई म्हणत नाही. इंग्रजी कागदातील शब्द मात्र दोन्हींना एकत्र कवेत घेणारा होता. याला इतिहासही आहे. याच संहितेच्या १९७८ सालच्या आवृत्तीत कव्हर मुख्य सळईपासून मोजण्याची रीत होती. २००० सालच्या आवृत्तीने ती बदलली आणि रिंगेसह सर्व लोखंडावर ठरलेले कव्हर मिळाले पाहिजे, असा नियम केला. कारण उघड आहे. रिंग सर्वांत बाहेर असते, म्हणून गंज तिलाच प्रथम गाठतो. जुन्या रीतीत शिकलेले अनेक कुशल कारागीर आजही मुख्य सळईपासून मोजतात, आणि ‘सळईवरील आवरण’ हे मराठी वाक्य त्यांच्या जुन्या सवयीला दुजोरा देते.

फरक किती पडतो, ते आमच्याच एका कॉलमवर पाहू. कॉलम ३०० बाय ४५० मिमी, उभ्या सळया १६ मिमी जाडीच्या, रिंग ८ मिमी. कव्हर रिंगेच्या बाहेरच्या कडेपासून ४० मिमी हवे, म्हणून दोन्ही बाजूंचे मिळून ८० मिमी वजा केले की रिंगेचे बाहेरचे माप २२० बाय ३७० मिमी येते. तेच ४० मिमी मुख्य सळईपासून मोजले, तर रिंगेची ८ मिमी जाडी त्यातच धरली जाते, रिंगेवर ३२ मिमीच काँक्रीट उरते, आणि रिंगेचे माप २३६ बाय ३८६ मिमी होते. रिंगा एकदा त्या मापाने वाकवून झाल्या की त्यानंतर कितीही काळजी घेतली तरी ४० मिमी मिळत नाहीत, कारण पेटीत तेवढी जागाच राहत नाही. म्हणजे एका शब्दाने निर्णय रिंगा कापताना, काँक्रीट ओतण्याच्या कितीतरी दिवस आधी, होऊन गेलेला असतो.

या गोंधळात भर घालणारा आणखी एक शब्दप्रयोग आराखड्यात असतो, तो म्हणजे ‘इफेक्टिव्ह कव्हर’. गणित करणारा अभियंता सळईच्या मध्यापासून पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजतो. वरील कॉलममध्ये ते ४० अधिक रिंगेचे ८ अधिक सळईच्या निम्म्या जाडीचे ८, असे ५६ मिमी आहे. याचे ‘प्रभावी आवरण’ असे शब्दशः भाषांतर केले, तर वाचणाऱ्याला वाटते की प्रभावी म्हणजे प्रत्यक्ष उपयोगी पडणारे, खरे आवरण. अर्थ उलटाच होतो. आम्ही त्याला ‘सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर’ म्हटले आणि कंसाबाहेर स्पष्ट लिहिले की हे माप हिशेबासाठी आहे, कामावर मोजण्यासाठी नाही.

अखेर कव्हरचे कलम असे उतरले : ‘सर्वांत बाहेरच्या लोखंडाच्या बाहेरच्या कडेपासून (रिंग असेल तिथे रिंगेपासून) काँक्रीटच्या पृष्ठभागापर्यंतची काँक्रीटची जाडी म्हणजे कव्हर. गिलावा यात धरू नये. कॉलममध्ये हे कव्हर ४० मिमी राहील. ते ४० पेक्षा कमी चालणार नाही, ५० पेक्षा अधिक चालणार नाही.’ गिलाव्याचे वाक्य मूळ इंग्रजीत नव्हते. पण मराठीत ‘वरून झाकणे’ म्हटले की गिलावा सहज मनात येतो, म्हणून ते घालावे लागले. शेवटच्या वाक्यालाही कारण आहे. संहितेने सूट केवळ एका बाजूला दिली आहे, दहा मिलिमीटर अधिकची, आणि कमीची सूट शून्य. मराठीत ‘सुमारे ४० मिमी’ असे लिहिले असते तर ही एकतर्फी मर्यादा नाहीशी झाली असती.

अधिक कव्हर दिले तर बिघडले कुठे, असे काही जणांना वाटते. छज्जाचे उदाहरण घ्या. भिंतीतून बाहेर आलेल्या छज्जात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते. काँक्रीट ओतताना माणसे तिच्यावरून चालतात, सळई दबून मध्यावर येते, वरचे कव्हर २० ऐवजी ५० मिमी होते. सळई उत्तम झाकली जाते आणि छज्जा मात्र वाकतो, कारण ताण जिथे आहे तिथे लोखंडच उरत नाही. म्हणूनच सळई जागेवर धरून ठेवणारे ठोकळे आणि खुर्च्या लागतात. ठोकळे काँक्रीटइतकेच पक्के हवेत. खडीचा तुकडा किंवा फरशीचा कपटा घातला तर तो व्हायब्रेटरच्या धक्क्याने निसटतो आणि सळई सेंटरिंगच्या फळीला टेकते. फळ्या उघडल्यावर छतात लोखंडाची रेघ दिसली, तर तिथे कव्हर शून्य आहे असे समजावे. त्यावर गिलावा चढण्याआधी ते अभियंत्याला दाखविणे भाग आहे.

दुसरा शब्द ‘स्लम्प’. हा मराठीत आणणे सर्वांत कठीण गेले, कारण हा एकाच वेळी चाचणीचे नाव आहे, घडणाऱ्या क्रियेचे नाव आहे आणि मिळणाऱ्या आकड्याचेही. चाचणी सोपी आहे. ३०० मिमी उंचीचा, खाली २०० व वर १०० मिमी व्यासाचा, दोन्ही तोंडे उघडी असलेला लोखंडी शंकू सपाट, न शोषणाऱ्या पत्र्यावर ठेवतात. त्यात ताजे काँक्रीट थराथरांनी भरतात, प्रत्येक थर १६ मिमी जाडीच्या गोल टोकाच्या सळईने २५ वेळा ठासतात, वरचे तोंड सपाट करतात आणि शंकू सरळ वर उचलून घेतात. आधार गेल्यावर काँक्रीटचा ढीग आपल्याच वजनाने खाली बसतो. शंकूची उंची आणि बसलेल्या ढिगाच्या सर्वांत उंच बिंदूची उंची यांतील फरक, तो स्लम्प.

आमच्या कागदात तो ७५ ते १०० मिमी मागितला होता. आता याला मराठीत काय म्हणावे? वर्तमानपत्रांच्या सवयीने ‘घसरण’ हा शब्द जिभेवर येतो. तो नाकारण्याचे कारण चाचणीतच आहे. ढीग तीन प्रकारे बसू शकतो. सर्व बाजूंनी सारखा बसला तर ते माप ग्राह्य. एक बाजू तिरपी तुटून खाली सरकली तर माप ग्राह्य नाही, नव्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करायची. दुसऱ्या खेपेसही तसेच झाले तर त्या मालात एकजीवपणा नाही, असे समजायचे. आणि सगळाच ढीग पसरून गेला तर माल फार पातळ आहे. यातील दुसऱ्या प्रकारालाच मराठीत ‘घसरणे’ म्हणणे योग्य आहे. मूळ नावच घसरण ठेवले, तर ‘घसरलेली घसरण मानू नये’ असे हास्यास्पद वाक्य लिहावे लागले असते.

‘खचलेली उंची’ हा पर्याय त्याहून धोक्याचा निघाला. आमच्या अभियंत्या विद्यार्थ्याने तो सुचविला होता आणि अर्थ बरोबर आहे असे त्याला वाटत होते. गवंडीकाम केलेल्या ज्येष्ठांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “खचलेली उंची शंभर, म्हणजे खचून शंभर राहिली ना?” मराठीत दोन्ही अर्थ निघतात, किती खचले हाही, आणि खचल्यावर किती उरले हाही. यांतील अंतर लहान नाही. पहिल्या अर्थाने ढीग २०० मिमी उंच उभा राहतो आणि ते काँक्रीट कॉलम-स्लॅबसाठी योग्य आहे. दुसऱ्या अर्थाने ढीग १०० मिमी उरतो, म्हणजे स्लम्प २०० मिमी, आणि आपल्या कामावरच्या साध्या खडी-वाळू-सिमेंटच्या मिश्रणात तेवढा स्लम्प मुख्यतः अधिकचे पाणी ओतूनच येतो. योग्य अटीच्या चुकीच्या वाचनाने कंत्राटदाराला पाणी घालण्याचा लेखी परवाना मिळाला असता.

आम्ही ‘बसका’ हा शब्द घेतला. माल ‘बसतो’ हे क्रियापद गवंडी वापरतोच, आणि ‘बसका शंभर’ म्हटल्यावर शंभरने बसले असा अर्थ लागतो. तरीही नावावर भिस्त न ठेवता कलमात रीत लिहून टाकली : ‘३०० मधून ढिगाची उंची वजा करावी. येणारा आकडा ७५ ते १०० च्या दरम्यान असला पाहिजे. म्हणजे ढिगाची उंची २०० ते २२५ मिमी असली पाहिजे.’ शेवटचे वाक्य इंग्रजीच्या दृष्टीने पुनरुक्ती आहे. मराठी कागदात तेच सर्वांत उपयोगी ठरले, कारण कामावर टेपने ढिगाची उंचीच मोजली जाते, वजाबाकी नंतर होते.

बसका मोजण्याची गरज का, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर तो आकडा नुसताच नियम वाटेल. माल घट्ट असला की तो सळयांच्या जाळीतून नीट उतरत नाही आणि फळ्या उघडल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसतात. म्हणून कामगार म्हणतो, “माल सैल करा,” आणि सैल करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाण्याची बादली. आमच्या कागदात सिमेंटच्या वजनाच्या निम्मे पाणी ही कमाल मर्यादा होती. म्हणजे ५० किलोच्या गोणीमागे २५ लिटर, आणि ओल्या वाळूत असलेले पाणीही याच हिशेबात. गोणीमागे पाच लिटरची एक बादली अधिक ओतली, की हे प्रमाण ०.५० वरून ०.६० वर जाते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी हे जादा पाणी लागत नाही. ते पुढे उडून जाते आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या सोडून जाते. काँक्रीट कमकुवत होते आणि वर सांगितलेला कार्बन डायऑक्साइड त्याच पोकळ्यांतून सळईकडे लवकर पोचतो. माल खरोखरच सैल हवा असेल, तर पाण्याबरोबर त्याच प्रमाणात सिमेंट वाढवावे लागते, किंवा अभियंत्याच्या सल्ल्याने रसायन वापरावे लागते. बसका अचानक १०० वरून १६० वर गेला तर पाण्याची बादली कुठेतरी रिकामी झाली आहे, हे चाचणी करणाऱ्या पालकाला कोणी न सांगता कळते. मात्र बसका योग्य आला म्हणजे ताकद योग्य आली, असे नाही. ताकदीसाठी काँक्रीटचे ठोकळे भरून २८ दिवसांनी दाबून पाहणे वेगळे.

तिसरा शब्द ‘क्युरिंग’. इंग्रजीत हाच शब्द तंबाखू, मासे, चामडे यांच्याबाबतही वापरतात आणि त्या ठिकाणी त्यात सुकविण्याचा भाग असतो. त्यामुळे कोशावर विसंबणारा भाषांतरकार ‘सुकविणे’, ‘वाळविणे’ असे लिहून जातो. काँक्रीट वाळून कडक होते, ही समजूतही सर्वत्र आहे, मातीच्या भिंतीचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्याने ती स्वाभाविकही आहे. पण सिमेंट वाळून कडक होत नाही. सिमेंटचे कण पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून जो नवा पदार्थ बनतो तो खडी-वाळूला बांधून ठेवतो. पाणी संपले की ही क्रिया थांबते. म्हणजे क्युरिंगचा खरा अर्थ सुकविण्याच्या नेमका उलट, सुकू न देणे असा आहे.

कामावर याला ‘पाणी मारणे’ म्हणतात. हा शब्द सुकविण्याइतका चुकीचा नाही, आणि आम्ही तो जवळजवळ स्वीकारलाच होता. पण विचार करता लक्षात आले, की पाणी मारणे ही एक कृती आहे आणि विनिर्देशाने मागितलेली ती एक अवस्था आहे. सकाळी पाणी मारले, संध्याकाळी मारले, की ‘पाणी मारले’ हे विधान खरे होते. आमच्या भागातल्या एप्रिलच्या उन्हात सकाळचे पाणी तासाभरात उडते, दुपारभर स्लॅब कोरडा तापतो, संध्याकाळी पुन्हा भिजतो. ओले-कोरडे, ओले-कोरडे असे होत राहिले की पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा येतात. संहिता सांगते ते असे, की पृष्ठभाग अखंड ओला राहिला पाहिजे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे, किंवा गोणपाट अंथरून ते सतत भिजते ठेवावे. म्हणून आम्ही कलमाचा मथळा ‘क्युरिंग’ असाच ठेवून खाली लिहिले : ‘काँक्रीट अखंड ओले राखणे. दिवसाच्या कोणत्याही वेळी हात लावला असता ओल लागली पाहिजे.’ ‘पाणी मारणे’ हा शब्द सबंध कलमात कुठेही वापरला नाही.

याच कलमात आणखी एक, शब्दाहून सूक्ष्म, अडचण होती. इंग्रजी संहितेत ‘शॅल’ म्हटले की ते बंधनकारक असते, ‘शुड’ किंवा शिफारस म्हटले की तो सल्ला असतो, ‘मे’ म्हटले की मुभा असते. मराठी सरकारी भाषेत या तिन्हींची कामे ‘करावे’ हे एकच रूप करते. ‘दहा दिवस ओले राखावे, चौदा दिवस राखावे’ असे लिहिले तर कोणता आकडा सक्तीचा, हे वाचणाऱ्याला कळणार नाही, आणि भांडण झाले तर कंत्राटदाराला लहान आकडा धरण्याचा हक्क राहील. संहितेचा नियम असा आहे, की साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान सात दिवस, आणि राखमिश्रित किंवा तत्सम मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस. हवा उष्ण व कोरडी असेल तर सिमेंट कोणतेही असो, दहा दिवसांपेक्षा कमी नाही. मिश्र सिमेंटसाठी ही मुदत चौदा दिवसांपर्यंत वाढवावी, ही शिफारस. बाजारात आज दुकानदार सहसा देतो ते पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंटच. त्याची क्रिया सावकाश होते, म्हणून ओल अधिक दिवस लागते. गोणीवर तीन अक्षरे वाचून घ्यावीत.

आम्ही सबंध तर्जुम्यासाठी एक नेम ठरविला आणि पहिल्याच पानावर तो छापला. सक्तीसाठी ‘पाहिजे’ किंवा ‘राहील’, सल्ल्यासाठी ‘करणे चांगले’, मुभेसाठी ‘चालेल’. केवळ ‘करावे’ हे रूप कृतीच्या साध्या सूचनेपुरते. कव्हरच्या कलमातील ‘राहील’ आणि ‘चालणार नाही’ ही रूपे त्याच नेमातून आलेली आहेत. सरकारी कागद वाचण्याची सवय असलेल्या एका सदस्यांना ही भाषा घरगुती वाटली, आणि ती आहेही. पण तिच्यात पळवाट कमी आहे.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हाही भाषेचाच प्रश्न ठरला. मूळ कागदात ती काँक्रीट ओतल्याच्या तारखेपासून होती. कामावर अनेकदा कॉलमच्या फळ्या काढल्यापासून दिवस मोजले जातात आणि स्लॅबच्या बाबतीत आळी बांधल्यापासून. मोजणी पुढे ढकलल्याने दिवस वाढतात, नुकसान काही नाही, असे वाटेल. पण आळी तिसऱ्या दिवशी बांधली तर पहिले दोन दिवस, म्हणजे ओलाव्याची निकड सर्वाधिक असतानाचे दिवस, कोरडे जातात, आणि तो तोटा मागाहून कितीही पाणी साठवून पुरता भरून येत नाही. म्हणून कलमात तारखांचे उदाहरणच घातले. स्लॅब १० एप्रिलला ओतला. पृष्ठभागावरची पाण्याची चमक गेली, की त्याच दिवशी तो प्लॅस्टिकच्या कागदाने किंवा ओल्या गोणपाटाने झाकला पाहिजे, कारण उन्ह-वाऱ्यात पहिल्या काही तासांतच भेगा पडतात. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला सकाळी, आळी बांधून पाणी साठविले पाहिजे. २० एप्रिलपर्यंत ओल राखणे सक्तीचे, २४ पर्यंत राखणे चांगले. कॉलमवर पाणी साठत नाही, म्हणून फळ्या निघताच त्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधावे आणि ते भिजते ठेवावे. वाऱ्याच्या बाजूचे गोणपाट आधी सुकते, तपासताना हात त्या बाजूला लावावा.

ओल पुरेशी मिळाली नसेल तर ते पुढे कसे ओळखायचे, हेही समितीने लिहून मागितले. लोखंडी खिळ्याने पृष्ठभागावर ओरखडा काढून पाहावा. चांगल्या राखलेल्या काँक्रीटवर फिकी रेघ उठते, उपाशी राहिलेल्यावर भुकटी निघते आणि हाताला पांढरी पूड लागते. ‘उपाशी’ हा शब्द त्या ज्येष्ठ गवंड्यांचा, आणि तो आम्ही कलमात तसाच ठेवला. ही केवळ वरवरची खूण आहे, आतील ताकदीचा पुरावा नव्हे. भुकटी निघाली तर अभियंत्याला बोलवावे, स्वतः निष्कर्ष काढून काम पाडू नये, एवढी एक ओळ त्याखाली जोडली.

मराठी प्रतीच्या शेवटी दोन कोरे तक्ते दिले आहेत. एकात तारीख, कॉलम किंवा स्लॅबचा क्रमांक, ढिगाची मोजलेली उंची आणि ३०० मधून वजा करून आलेला बसका, असे रकाने आहेत. दुसऱ्यात तारीख आणि दिवसातून तीन वेळा, सकाळी आठ, दुपारी दोन व संध्याकाळी सहा वाजता, हात लावून ‘ओले’ किंवा ‘कोरडे’ एवढेच लिहायचे आहे. दुपारी दोनचा रकाना मुद्दाम घातला आहे. आपल्या घराच्या कामासाठी ज्या माजी विद्यार्थ्यांना वा पालकांना ही प्रत हवी असेल, त्यांना ती वसतिगृहाच्या कार्यालयात पाहून उतरवून घेता येईल. त्यांनी त्यातील कव्हरचे आणि बसक्याचे आकडे मात्र आपापल्या अभियंत्याकडून ठरवून घ्यावेत. पाया, बीम आणि स्लॅब यांचे आकडे निराळे असतात, आणि कोकणात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात घर असेल तर आमच्या कागदातले कव्हर तिथे अपुरे पडेल.